शटर ओढलं, पण नंबर अजून चालू आहे

वाचकाचं पत्र

वर्तकनगरला माझं इलेक्ट्रिकल सामानाचं छोटं दुकान होतं. जीएसटी नोंदणी माझ्याच नावावर आहे. इमारत पुनर्विकासाला गेली आणि दुसरीकडे नव्याने मांडायची उमेद राहिली नाही, म्हणून 31 मार्चला दुकान बंद केलं. साधारण 2 लाख 40 हजारांचा माल शिल्लक आहे, तो घरी आणून आतल्या खोलीत रचून ठेवलाय. विकलाच नाही तर त्यावर कर कसला? शेजारचे दुकानदार म्हणतात, काही करू नका, रिटर्न भरणं सोडून द्या, नंबर आपोआप रद्द होतो. आमचे अकाउंटंट म्हणतात, ऑनलाइन अर्ज टाकला की विषय संपला. दोघांपैकी कोणाचं ऐकू?
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर

ताई, दोघांचंही ऐकू नका. आणि अर्ज अजून टाकला नसेल तर आधी आतल्या खोलीतल्या मालाकडे बघू. अर्ज, शेवटचं रिटर्न, त्यात भरायची रक्कम, सगळं त्या मालावर अवलंबून आहे.

तुमचा प्रश्न अगदी रास्त वाटतो: विकलं नाही, तर कर कसला? पण हा माल तुम्ही घेतलात तेव्हा घाऊक व्यापाऱ्याने बिलात 18 टक्के जीएसटी लावला होता. तो तुम्ही त्याला दिलात आणि नंतर आपल्या रिटर्नमध्ये त्याचं क्रेडिट घेऊन दुसऱ्या विक्रीच्या करातून वजा केलात. म्हणजे 2 लाख 40 हजारांच्या मालावरचे 43,200 रुपये सरकारने तुम्हाला आधीच सोडून दिलेत. ते सोडले कारण हा माल पुढे विकला जाईल, तेव्हा त्यावर कर येईल असं गृहीत होतं. आता तो करपात्र विक्रीत कधी जाणारच नाही, म्हणून सरकार ते क्रेडिट परत मागतं. जीएसटी कायद्याच्या कलम 29(5) मध्ये ही तरतूद आहे. नोंदणी रद्द होण्याच्या आदल्या दिवशी जो माल हातात असेल, त्यावर घेतलेलं क्रेडिट किंवा त्या मालाच्या विक्रीवर आज लागला असता तो जीएसटी, यातली जी रक्कम जास्त असेल ती भरायची.

‘जी जास्त असेल ती’ हे चार शब्द बरेच जण वाचतच नाहीत. तुमच्याकडे तांब्याच्या वायरची बंडलं असतील तर त्यांचा भाव तुमच्या खरेदीपेक्षा आज चढा असू शकतो. समजा, आजच्या बाजारभावाने सगळा माल 2 लाख 50 हजारांचा भरतो. त्यावर 18 टक्के म्हणजे 45,000. मग 43,200 नाही, 45,000 भरायचे. भाव पडलेला असता तरी 43,200 च्या खाली येता आलं नसतं.

दुकानातला कॉम्प्युटर आणि बिलाचा प्रिंटर यांचंही क्रेडिट घेतलं असेल. अशा भांडवली वस्तूंचा हिशेब वेगळा असतो. कायदा त्यांचं आयुष्य 5 वर्षं, म्हणजे 60 महिने धरतो आणि उरलेल्या महिन्यांपुरतंच क्रेडिट परत मागतो. समजा, 50,000 चा संच 40 महिन्यांपूर्वी घेतला आणि 9,000 क्रेडिट घेतलं. उरले 20 महिने:

```
9,000 × 20 ÷ 60 = 3,000
```

इथेही दुसऱ्या बाजूला आजच्या किमतीवरचा कर बघायचा. जुना संच आज 10,000 ला गेला तर त्यावर कर 1,800, म्हणून 3,000 हीच मोठी रक्कम. 5 वर्षं उलटून गेलेल्या वस्तूचं परत करायचं क्रेडिट शून्यावर येतं. मात्र ती विकलीत तर विक्रीवर कर आहेच.

म्हणजे आहे तसा माल घरात ठेवून नोंदणी रद्द केलीत तर 45,000 अधिक 3,000, एकूण 48,000 रुपये द्यावे लागतील. क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या न वापरलेल्या क्रेडिटच्या खात्यात, काही शिल्लक असेल तर ती आधी वापरता येते. 13,000 शिल्लक असतील तर खिशातून 35,000 जातील. आणि एक लक्षात घ्या, बंद होताना क्रेडिट लेजरमध्ये उरलेली रक्कम एरवी रोख परत मिळत नाही. त्यामुळे ती इथेच वापरणं शहाणपणाचं.

आता मला तुम्हाला उलट विचारायचंय: हा माल घरी ठेवायचाच, असं का ठरवलंत? पुढेमागे एखाद्या वायरमनला थोडाथोडा देऊ, असं मनात असेल तर आकडे मांडून बघा. नोंदणी चालू असताना हाच माल ठाण्यातल्याच दुसऱ्या नोंदणीकृत दुकानदाराला पडत्या भावाने एकगठ्ठा 1 लाख 70 हजारांना दिलात, तर बिलावर 30,600 कर लावाल. तो कर तो दुकानदार देईल आणि त्याचं क्रेडिटही त्याला मिळेल, त्यामुळे त्याला तो जड जात नाही. तुम्ही ते 30,600 रिटर्नमध्ये भरलेत की मालाचा हिशेब मिटला. तुमच्या हातात पूर्ण 1 लाख 70 हजार राहतात आणि खरेदीवरचं 43,200 क्रेडिटही कोणी परत मागत नाही, कारण माल करासहित विकला गेला.

दुसरीकडे, आधी नोंदणी रद्द केलीत, 45,000 भरलेत आणि मग माल विकायला काढलात, तर तुम्ही बिलात जीएसटी दाखवू शकत नाही. घेणाऱ्याला क्रेडिट मिळत नाही, म्हणून तो भाव आणखी पाडून मागतो. समजा, 1 लाख 50 हजार मिळाले. त्यातून भरलेले 45,000 वजा केले तर उरतात 1 लाख 5 हजार. म्हणजे केवळ विक्री आधी की अर्ज आधी, या क्रमामुळे 65,000 रुपयांचा फरक पडतो. म्हणूनच म्हटलं, अर्जाची घाई नको.

माझ्या ओळखीत खारघरच्या एका गृहस्थांनी याच्या नेमकं उलट केलं. क्रेडिट परत करायला नको म्हणून उरलेला माल भंगारात टाकला आणि कागदावर ‘खराब झाला’ असं दाखवलं. पण नष्ट झालेल्या, फेकून दिलेल्या किंवा फुकट वाटलेल्या मालावरचं क्रेडिट कलम 17(5) प्रमाणे मिळतच नाही. त्यांना ते परत करावं लागलंच, वर मालही गेला.

विकायचं ठरवलंत तर दोन व्यावहारिक गोष्टी सांभाळा. माल आता तुमच्या घरात आहे आणि घर ही नोंदणीत दाखवलेली जागा नसणार. दुकानाची जागा तर सुटली. जागा बदलल्यापासून 15 दिवसांत पोर्टलवर दुरुस्ती करायची असते, म्हणून घराचा पत्ता तेवढ्यापुरता व्यवसायाची जागा म्हणून नोंदवून घ्या. हे काम किरकोळ वाटतं, पण घरच्या पत्त्यावरून माल निघाला आणि नोंदणीत ती जागाच नाही, असं झालं तर घेणाऱ्याला नसता ताप. दुसरं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वरचा माल पाठवताना ई-वे बिल लागतं. तुमचा सौदा त्याच्या वर आहे. टेम्पो भरण्याआधी ते काढून ठेवा.

तारखेबद्दल. व्यवसाय बंद झाल्यापासून 30 दिवसांत रद्द करण्याचा अर्ज करायचा, असा नियम आहे. शटर 31 मार्चला ओढलंत, पण माल विकून हिशेब मिटवण्याचं काम एप्रिलमध्ये चालू असेल तर व्यवसाय खऱ्या अर्थाने त्या शेवटच्या विक्रीनंतर संपतो. म्हणून एप्रिलच्या अखेरीपर्यंत माल काढा, 30 एप्रिल ही रद्द होण्याची तारीख मागा आणि लगेच अर्ज टाका. सहा महिने ‘गिऱ्हाईक बघतेय’ असं म्हणत राहणं मात्र बरं नाही, कारण तोवर प्रत्येक रिटर्न भरत राहावं लागेल, विक्री शून्य असली तरी.

आता शेजारच्यांच्या सल्ल्याबद्दल. रिटर्न भरणं सोडलं की नंबर रद्द होतो, हे अर्धं खरं आहे. तिमाही रिटर्न भरणाऱ्याने सलग दोन तिमाह्या चुकवल्या की अधिकारी स्वतःहून REG-17 ही नोटीस काढू शकतात. सात कामकाजी दिवसांत उत्तर दिलं नाही तर नोंदणी रद्द होते. पण दरम्यान थकलेलं रिटर्न डोक्यावर राहतं, त्याचं विलंब शुल्क राहतं आणि कर बाकी असेल तर वर्षाला 18 टक्क्यांनी व्याजही. त्याहून वाईट म्हणजे अधिकारी मागच्या एखाद्या तारखेपासूनही नोंदणी रद्द करू शकतात. मग त्या तारखेनंतर तुमच्याकडून बिल घेऊन गेलेल्या कंत्राटदारांना ‘तुमच्या क्रेडिटचा खुलासा करा’ अशा नोटिसा जातात. इतकी वर्षं ज्यांच्याशी व्यवहार केला, त्यांचे फोन मग तुम्हालाच येतील. आणि शेवटच्या रिटर्नमधून सुटका तर अशा रद्द होण्यातही नाही. मालावरची ती रक्कम तेव्हाही भरायचीच असते. शेजाऱ्यांच्या वाटेने काहीच वाचत नाही.

तेव्हा आधी जानेवारी ते मार्चचं रिटर्न भरलंय का ते बघा. तिमाही पद्धतीत महाराष्ट्रासाठी कर भरायच्या GSTR-3B रिटर्नची तारीख तिमाहीनंतरच्या महिन्याची 22 असते, म्हणजे 22 एप्रिल. त्याआधी 13 तारखेला विक्रीच्या तपशिलाचं GSTR-1. एप्रिलमध्ये विक्री झाली तर तिचंही रिटर्न वेळेवर द्यायचं आहे.

मग अर्ज. पोर्टलवर लॉगिन करून Services, त्यात Registration आणि त्यात Application for Cancellation of Registration. फॉर्मचं नाव REG-16. कारण म्हणून व्यवसाय बंद झाल्याचा पर्याय निवडायचा, तारीख द्यायची, शिल्लक मालाचं मूल्य आणि त्यावरची देय रक्कम भरायची. सगळा माल विकला गेला असेल तर तिथे फक्त कॉम्प्युटर आणि प्रिंटर राहतील, तेही तोवर विकले नसतील तर. काही सल्लागार सांगतात की मालावरची रक्कम अर्जाच्या आधीच भरली नाही तर अर्ज फेटाळतात. तसं नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑक्टोबर 2018 मधल्या परिपत्रक क्रमांक 69 मध्ये स्पष्ट केलंय की ही रक्कम शेवटच्या रिटर्नसोबत भरली तरी चालते. हातात पैसे नाहीत म्हणून अर्ज रखडवू नका.

याच फॉर्ममध्ये पुढच्या पत्रव्यवहाराचा पत्ता विचारतात. तिथे पाडल्या जाणाऱ्या इमारतीचा पत्ता टाकू नका, घराचा टाका. आणि अर्जाआधी नोंदणीतला ईमेल व मोबाइल तुमचा स्वतःचा आहे ना, हे तपासा. पुष्कळ छोट्या दुकानदारांच्या नोंदणीत नंबर अकाउंटंटचा असतो. दुकान बंद झालं, अकाउंटंटचा संबंध सुटला आणि नोटिसा त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहिल्या, अशी प्रकरणं माझ्याकडे दरवर्षी येतात. मूळ रक्कम लहान असते, पण उत्तर न दिल्याने ती फुगत जाते.

अर्ज टाकल्यावर एआरएन, म्हणजे अर्जाचा क्रमांक, मिळतो आणि अर्जाची तारीख किंवा तुम्ही मागितलेली तारीख, यातल्या नंतरच्या दिवसापासून नोंदणी निलंबित होते. निलंबनात करपात्र विक्री करायची नाही आणि त्या काळाची नेहमीची रिटर्नंही भरावी लागत नाहीत. अधिकाऱ्याला काही अपुरं वाटलं तर तो पोर्टलवरच खुलासा मागतो. सगळं ठीक असेल तर 30 दिवसांत REG-19 हा रद्द केल्याचा आदेश येतो.

तुमचे अकाउंटंट म्हणतात तो ‘विषय’ इथे संपत नाही. इथून तुमच्या शेवटच्या रिटर्नची मुदत सुरू होते. त्याचं नाव GSTR-10. पोर्टलवर Services, Returns आणि मग Final Return. नाव सारखं वाटतं म्हणून लोक याला वार्षिक रिटर्न समजतात. वार्षिक ते GSTR-9, वर्षाची उलाढाल 2 कोटींपर्यंत असणाऱ्यांना त्यातून सूट आहे. GSTR-10 ला उलाढालीची अशी कुठलीही सूट नाही. माल शून्य असला, देय रक्कम शून्य असली तरी ते भरायचं.

मुदत तीन महिन्यांची. नोंदणी रद्द होण्याची तारीख आणि आदेशाची तारीख, यातली जी नंतरची असेल तिच्यापासून मोजायची. तुमची नोंदणी 30 एप्रिलपासून रद्द झाली आणि आदेश 20 मे रोजी निघाला, तर 20 ऑगस्टपर्यंत वेळ आहे. चुकलात तर दिवसाला 200 रुपये विलंब शुल्क, 100 केंद्राचे आणि 100 राज्याचे. कमाल 10,000. म्हणजे 50 दिवसांतच कमाल आकडा गाठला जातो. तुमच्या देय रकमेच्या शेजारी ठेवून बघा: माल विकल्यावर भरायचे जेमतेम 3,000 आणि उशिराचे 10,000. मागे 2023 मध्ये थकलेल्या शेवटच्या रिटर्नसाठी शुल्कात सवलत दिली होती, ती त्याच वर्षी ऑगस्टअखेर संपली. तशी पुन्हा येईल, या आशेवर थांबू नये.

तरीही भरलं नाही तर GSTR-3A नोटीस येते आणि 15 दिवसांची संधी मिळते. त्यानंतर अधिकारी कलम 62 खाली स्वतःच्या अंदाजाने कर ठरवू शकतात. खरी गफलत इथे होते. तुमच्या खोलीत काय आहे, ते त्यांना माहीत नसतं. त्यांच्यासमोर असतात तुमच्या जुन्या खरेदीचे आकडे. त्यावरून धरलेला शिल्लक माल तुमच्या खऱ्या मालापेक्षा कितीतरी जास्त निघू शकतो.

GSTR-10 भरताना मालाची यादी खरेदीच्या बिलांशी जुळवून द्यायची असते. कुठलं बंडल कुठल्या बिलातलं, कोणत्या व्यापाऱ्याकडून, किती नग, किती क्रेडिट. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, नोंदणी रद्द होण्याच्या आदल्या दिवशी घरी बसून माल मोजा, यादी करा, तारीख टाकून सही करा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर आठवणीवर यादी करायला बसलं की जुळत नाही. ज्या मालाची बिलं सापडत नाहीत त्याचं क्रेडिट बाजारभावावरून काढता येतं, पण मग सनदी लेखापालाचं किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. आणि हे रिटर्न एकदा सादर केलं की सुधारता येत नाही, तेव्हा शेवटचं बटण दाबण्याआधी आकडे दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्या.

हे वाचणाऱ्यांत काहींची परिस्थिती वेगळी असेल. तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर GSTR-10 तुम्हाला लागू नाही, खरेदीवरचं क्रेडिटही तुम्ही घेतलेलं नसतं. वाशी किंवा नेरूळमध्ये नुसत्या सेवांचं काम असेल, डिझाइन, सल्ला, क्लास, तर माल नसतो, पण लॅपटॉप, एसी, फर्निचर यांचं क्रेडिट घेतलंय का ते बघा. घेतलं असेल तर 60 महिन्यांचा तोच हिशेब. नसेल तर शून्याचं GSTR-10. ते पाच मिनिटांचं काम आहे, पण शून्याचं म्हणूनच सर्वाधिक राहून जातं.

तुमच्याकडे परत येते. स्वतःहून अर्ज करून रद्द केलेली नोंदणी पुन्हा चालू करून मागता येत नाही. ती सोय अधिकाऱ्याने स्वतः रद्द केलेल्या नोंदणीसाठी आहे. पुढे कधी वाटलंच तर नवा नंबर घ्यावा लागेल. तेव्हा पुनर्विकासात नवा गाळा मिळणार असेल आणि मनाच्या कोपऱ्यात दुकानाचा विचार अजून असेल, तर घरच्यांशी बोलून मगच अर्ज करा. गाळा तयार व्हायला काही वर्षं जाणार असतील तर शून्य रिटर्नं भरत नंबर सांभाळण्यापेक्षा आत्ता रद्द करणंच मला बरं वाटतं.

कॅश लेजरमध्ये काही रक्कम उरली असेल, तर ती मात्र परत मिळते. RFD-01 हा अर्ज त्यासाठी. खरेदी-विक्रीची बिलं, बँकेची स्टेटमेंटं आणि मोजणीची ती यादी रद्दीत देऊ नका, कारण संबंधित वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने हिशेब जपून ठेवायचे असतात. आणि व्यवसाय कराची तुमची पीटीईसी नोंदणी जीएसटीबरोबर रद्द होत नाही. ती राज्याच्या महाजीएसटी पोर्टलवर वेगळी रद्द करावी लागते, नाहीतर वर्षाचे 2,500 रुपये चालूच राहतात.

या आठवड्यात मालाची यादी करून दोन-तीन दुकानदारांना भाव विचारा. मिळालेला भाव माझ्या आकडेमोडीत घालून बघा, मग अर्जाची तारीख ठरवा.